लोड बॅलन्सरच्या पलीकडचा टप्पा

किनवट तालुक्यातलं इस्लापूर बाहेरच्यांना माहीत असतं ते पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्यामुळे. मी या गावात राहून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. आमचं सॉफ्टवेअर खेड्यापाड्यांतल्या ग्राहक सेवा केंद्रांमध्ये चालतं. अंगठा लावून पैसे काढायचे, शिल्लक बघायची, पीएम-किसानचा हप्ता जमा झाला का ते पाहायचं, अशी रोजची कामं त्यावर होतात. सर्व्हर ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये आहेत आणि तिथलं नेटवर्क व त्याची सुरक्षा माझ्याकडे आहे.

एका सहकारी बँकेनं आमच्याशी करार करण्याआधी सुरक्षेची प्रश्नावली पाठवली. त्यात एक प्रश्न होता: ग्राहकाची माहिती प्रवासात असताना कायम एन्क्रिप्टेड असते का? पुढे दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. असे प्रश्न बहुतेक ठिकाणी 'हो' म्हणून खूण करून पुढे ढकलले जातात, कारण संकेतस्थळ https वर असतं आणि ॲपही https नेच बोलतं. पण माहितीचा प्रवास लोड बॅलन्सरपाशी संपत नाही. तिथून पुढचा टप्पा कसा आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय मला त्या चौकोनात खूण करायची नव्हती.

आमची रचना अशी होती. केंद्रचालकाच्या मोबाइलमधून निघालेली विनंती टीएलएसमध्ये गुंडाळून मुंबईला पोहोचते. तिथं दारातच लोड बॅलन्सर उभा असतो. सर्टिफिकेट आणि त्याची खासगी किल्ली त्याच्याकडे असल्यामुळे विनंती तो तिथंच उलगडतो. उलगडली की त्याला आतला पत्ता वाचता येतो, कुठली विनंती कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ते ठरवता येतं आणि वेब फायरवॉलला मजकूर तपासता येतो. सर्टिफिकेट एकाच जागी राहतं आणि ॲमेझॉनची सेवा त्याचं नूतनीकरण परस्पर करते. एवढी सोय असल्यावर टीएलएस लोड बॅलन्सरवर संपवण्याची पद्धत सर्रास रूढ व्हावी यात नवल नाही. उलगडलेली विनंती मग साध्या एचटीटीपीनं 8080 पोर्टवर आतल्या सर्व्हरकडे जायची.

'साध्या एचटीटीपीनं' म्हणजे नेमकं काय, हे आकृतीवरून मनावर ठसत नाही. म्हणून मी चाचणीच्या यंत्रणेत एक खोटा ग्राहक तयार केला, त्याच्या नावानं पैसे काढायची विनंती पाठवली आणि आतल्या सर्व्हरवर हे चालवलं:

```
sudo tcpdump -i any -A -s 0 'tcp port 8080'
```

पडद्यावर आलं ते साधारण असं होतं:

```
POST /v1/withdraw HTTP/1.1
X-Forwarded-Proto: https
Authorization: Bearer eyJhbGciOi...

{"acct":"000000004471","mobile":"9800000010","amount":2000}
```

खाते क्रमांक, मोबाइल, रक्कम, सगळं उघडं. त्याहून गंभीर होती ती Authorization ची ओळ. तो टोकन ज्याच्या हाती पडेल, त्याला टोकनची मुदत संपेपर्यंत त्या केंद्रचालकाच्या नावानं विनंत्या पाठवता येतात. X-Forwarded-Proto: https ही ओळही नीट वाचण्यासारखी आहे. ग्राहक बाहेरून https ने आला होता, एवढंच लोड बॅलन्सर तिथं सांगतो. ही ओळ ज्या पॅकेटवर लिहिली आहे ते पॅकेट मात्र उघडंच चाललेलं असतं.

हा प्रश्न जगासमोर आला तो 2013 च्या ऑक्टोबरमध्ये. एडवर्ड स्नोडेननं बाहेर आणलेल्या कागदपत्रांच्या आधारे 'वॉशिंग्टन पोस्ट'नं 'मस्क्युलर' नावाच्या कार्यक्रमाची बातमी दिली. अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची जीसीएचक्यू या संस्था गुगल आणि याहूच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या तारांवरून माहिती टिपत होत्या. त्यातल्या एका पानावर हातानं काढलेली आकृती होती. एका बाजूला इंटरनेट, दुसऱ्या बाजूला गुगलचं आतलं जाळं आणि मधे गुगलचा दर्शनी सर्व्हर. त्याच्याकडे बाण दाखवून लिहिलं होतं की एसएसएल इथं लावलं आणि काढलं जातं, आणि शेजारी एक हसरा चेहरा. टीएलएसचं गणित कुणीही फोडलं नव्हतं. ते जिथं संपत होतं, त्याच्या पलीकडे उभं राहणं पुरेसं होतं. गुगलनं आतल्या तारांवरचं एन्क्रिप्शन तेव्हा घाईनं पूर्ण करत आणलं, आणि डेटा सेंटरांमधली वाहतूक आता एन्क्रिप्टेड असल्याचं याहूनं 2014 च्या वसंतात जाहीर केलं.

पण 2013 ची भीती जशीच्या तशी उचलून आजच्या क्लाउडवर लावणं बरोबर नाही. आपला बंदोबस्त नेमका कुणाविरुद्ध आहे हे आधी ठरवावं लागतं. ॲमेझॉन आपल्या डेटा सेंटरांच्या आवाराबाहेर जाणाऱ्या वाहतुकीला भौतिक पातळीवरच एन्क्रिप्ट करते, त्यामुळे रस्त्याकडेची फायबर खणून आमची पॅकेट वाचण्याची वाट जवळपास बंद आहे. ऑफिसच्या जुन्या हबवर शेजारच्या संगणकाची वाहतूक डोकावून पाहता यायची, तेही इथं चालत नाही. आमच्या खासगी नेटवर्कमध्ये, अगदी एकाच सबनेटमध्ये असले तरी, एका सर्व्हरला दुसऱ्याच्या नावची पॅकेट दिसत नाहीत.

मग उघड्या टप्प्याचा धोका कुणाकडून? आमच्या विचारात सगळ्यांत वर आला तो आमच्याच खात्यातला अधिकार. 2019 पासून ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये वाहतुकीची प्रत काढायची सोय आहे. ज्याच्याकडे ec2:CreateTrafficMirrorSession ही परवानगी आहे, तो कुठल्याही समर्थित सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावरची वाहतूक दुसऱ्या यंत्राकडे वळती करू शकतो. मूळ सर्व्हरवर लॉगिन करावं लागत नाही, तिथं काही चालवावं लागत नाही, तिथल्या नोंदवह्यांत काही उमटत नाही. खूण राहते ती फक्त खात्याच्या क्लाउडट्रेल नोंदीत. नेटवर्कच्या अडचणी शोधायला ही सोय उत्तम आहे. पण एखाद्या कर्मचाऱ्याची किंवा ठेकेदाराची ॲक्सेस की बाहेर गेली आणि तिच्यावर मोकळ्या हातानं परवानग्या दिलेल्या असल्या, तर बसल्या जागी सगळ्या केंद्रांचे टोकन गोळा करता येतात. दुसरी वाट मधल्या पेट्यांची. फायरवॉल किंवा देखरेखीचं एखादं उपकरण वाहतुकीच्या मधे बसवलं, की तेही सगळं वाचू शकतं.

आमच्या चमूतल्या एकानं रास्त शंका काढली. ॲमेझॉनचे नवे नायट्रो सर्व्हर आपसांतली वाहतूक हार्डवेअरमध्येच एन्क्रिप्ट करतात, मग आपण वेगळं काही कशाला करायचं? मी ॲमेझॉनचे दस्तऐवज काढून अटी वाचल्या. दोन्ही सर्व्हर ठरावीक प्रकारांतले हवेत, एकाच रीजनमध्ये हवेत, एकाच किंवा थेट जोडलेल्या नेटवर्कमध्ये हवेत, आणि वाहतूक लोड बॅलन्सरसारख्या मधल्या सेवेतून गेलेली नसावी. आमचा उघडा टप्पा नेमका लोड बॅलन्सरपासूनच सुरू होत होता. ती सोय आमच्या दोन सर्व्हरांमधल्या बोलण्याला लागू होती, या टप्प्याला नव्हती.

आता दोन मार्ग होते. पहिला म्हणजे लोड बॅलन्सरनं काही उलगडायचंच नाही. पॅकेट जशीच्या तशी पुढे द्यायची आणि टीएलएस थेट आतल्या सर्व्हरवर संपवायचं. त्यासाठी टीसीपी पातळीवर चालणारा नेटवर्क लोड बॅलन्सर लागतो. ऐकायला हा मार्ग सगळ्यांत शुद्ध वाटतो, पण मग वेब फायरवॉलला वाचायला काही उरत नाही, पत्त्यानुसार विनंत्या वाटता येत नाहीत आणि सार्वजनिक सर्टिफिकेटची खासगी किल्ली प्रत्येक सर्व्हरवर ठेवावी लागते. दहा जागी ठेवलेली किल्ली दहा जागी सांभाळावी लागते. आमच्या केंद्रांवर बाहेरून सतत खोट्या विनंत्यांचा मारा असतो, त्यामुळे फायरवॉल सोडणं मला परवडणारं नव्हतं. दुसरा मार्ग म्हणजे लोड बॅलन्सरनं उलगडावं, तपासावं आणि पुढे पाठवताना नव्यानं टीएलएस लावावं. आम्ही हा घेतला.

काम फार मोठं नव्हतं. प्रत्येक सर्व्हरवर मूळ प्रोग्रामच्या पुढे एनजिनएक्स बसवला:

```
server {
    listen 8443 ssl;
    ssl_certificate     /etc/nginx/tls/app.crt;
    ssl_certificate_key /etc/nginx/tls/app.key;
    location / {
        proxy_pass http://127.0.0.1:8080;
    }
}
```

मूळ प्रोग्राम फक्त 127.0.0.1 वर ऐकेल असा बांधला. उघडा मजकूर त्यामुळे त्या एका यंत्राच्या पोटातच राहतो आणि नेटवर्कवर येत नाही. टार्गेट ग्रुपचा प्रोटोकॉल एकदा ठरवला की बदलता येत नाही, म्हणून https चा नवा ग्रुप तयार केला. मग लोड बॅलन्सरच्या नियमात दोन्ही ग्रुपांना वजनं दिली, आधी थोडी वाहतूक नव्याकडे आणि बाकीची जुन्याकडे.

थोड्या वाहतुकीवर आधी चालवण्याचा उपयोग लगेच झाला. नव्या ग्रुपमधून येणाऱ्या केंद्रांना आमची वेगमर्यादा अडवू लागली. 'फार विनंत्या आल्या, थांबा' असा निरोप त्यांना दिसायचा. एनजिनएक्सच्या नेहमीच्या नमुना फाइलमध्ये X-Forwarded-For या शीर्षकात समोरच्या यंत्राचा पत्ता शेवटी जोडणारी ओळ असते. आमच्या एनजिनएक्ससमोरचं यंत्र म्हणजे लोड बॅलन्सर. त्यामुळे ग्राहकाच्या पत्त्यामागे लोड बॅलन्सरचा 10 पासून सुरू होणारा खासगी पत्ता लागत होता. आमचा प्रोग्राम यादीतला शेवटचा पत्ता खरा मानतो, आणि ते योग्यच आहे, कारण सुरुवातीचा पत्ता ग्राहकाला स्वतःच खोटा घालता येतो. परिणाम असा झाला की सगळी केंद्रं एकाच पत्त्यावरून आल्यासारखी दिसू लागली. ती ओळ काढली. वर दिलेल्या फाइलमध्ये ती नाही आणि त्यामुळे लोड बॅलन्सरनं लिहिलेलं शीर्षक आत जसंच्या तसं पोहोचतं. केंद्रं पूर्ववत चालली आणि मग वजन टप्प्याटप्प्यानं वाढवून सगळी वाहतूक नव्या ग्रुपवर नेली. शेवटी सिक्युरिटी ग्रुपमधून 8080 चा नियम काढून टाकला. हे शेवटचं पाऊल विसरलं, तर जुनी उघडी वाट तशीच राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

वेग कमी होईल ही भीती सगळ्यांना असते. टीएलएसचं खर्चिक काम म्हणजे सुरुवातीचा हस्तांदोलनाचा टप्पा. लोड बॅलन्सर आतल्या सर्व्हरशी केलेली जोडणी लगेच तोडत नाही, पुढच्या विनंत्यांना तीच वापरतो, म्हणून हा टप्पा क्वचित घडतो. त्यानंतरचं एन्क्रिप्शन प्रोसेसरमधल्या खास सूचनांवर चालतं. आमच्या आलेखावर फरक दिसलाच नाही. इस्लापूरचं मोबाइल नेटवर्क पावसात जितका वेळ खातं, त्यापुढे हा विलंब मोजण्यासारखाही नाही.

टप्पा खरोखर बंद झाला का हे पाहायला पुन्हा tcpdump चालवला, या वेळी 8443 वर. आता वाचता येण्यासारखं काही नव्हतं. टीएलएसच्या जोडणीचा पहिला संदेश हेक्समध्ये पाहिला तर 16 03 या बाइटनी सुरू होतो, आणि इथं तसाच दिसत होता. एका रीजनमध्ये कुठं उघडे टप्पे उरलेत हे शोधायला ही एक आज्ञा पुरते:

```
aws elbv2 describe-target-groups \
  --query 'TargetGroups[].[TargetGroupName,Protocol,Port]' \
  --output text
```

ज्या ओळीत HTTP दिसेल, तिथं लोड बॅलन्सरच्या पलीकडे मजकूर उघडा चालला आहे.

या रचनेची एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. ॲमेझॉनचा हा लोड बॅलन्सर आतल्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासत नाही. ते स्वतःच सही केलेलं असो, मुदत संपलेलं असो, तो जोडणी करतोच. ॲमेझॉनचं म्हणणं असं की त्यांच्या खासगी नेटवर्कमध्ये प्रत्येक पॅकेटची ओळख खालच्या थरातच पटवली जाते, म्हणून मधे तोतया उभा राहू शकत नाही. हे मला पटतं. पण याचा अर्थ असा की या टप्प्यावर टीएलएस मजकूर झाकतं, समोरचा सर्व्हर खरा आहे याची हमी देत नाही. टार्गेट ग्रुपमध्ये नवा सर्व्हर नोंदवण्याची परवानगी ज्याच्याकडे आहे, तो स्वतःचं यंत्र तिथं घुसवू शकतो आणि लोड बॅलन्सर त्यालाही विनंत्या देईल. म्हणून आम्ही ती परवानगी आणि वाहतुकीची प्रत काढण्याची परवानगी, दोन्ही मोजक्या हातांत ठेवल्या, आणि या दोन कृतींची क्लाउडट्रेल नोंद आली की लगेच सूचना येईल अशी व्यवस्था केली. आमच्या सेवा एकमेकींशी बोलतात तिथं मात्र दोन्ही बाजू एकमेकींचं सर्टिफिकेट तपासतात आणि मुदत संपली तर जोडणी नाकारतात.

गावातल्या ग्राहक सेवा केंद्राच्या चालकाला मी हे काम सांगत होतो, तेव्हा त्यानं मुद्द्याचं विचारलं, "भाऊ, मग इतके दिवस लोकांचा अंगठा बी तसाच उघडा जात होता का?"

नव्हता, आणि तो का नव्हता हे समजून घेण्यासारखं आहे. अंगठ्याचा ठसा टीएलएसच्या भरवशावर सोडलेलाच नाही. आधारच्या रचनेत नोंदणीकृत बायोमेट्रिक उपकरण ठसा घेतं, त्याचा पीआयडी ब्लॉक बनवतं आणि 256 बिटांच्या एकदाच वापरायच्या एईएस किल्लीनं तो जागेवरच एन्क्रिप्ट करतं. ती किल्ली मग यूआयडीएआयच्या 2048 बिटांच्या सार्वजनिक आरएसए किल्लीनं बंद केली जाते. तिच्या जोडीची खासगी किल्ली फक्त यूआयडीएआयकडे. म्हणजे केंद्राचा मोबाइल, आमचा लोड बॅलन्सर, आमचा सर्व्हर, बँक, एनपीसीआय, यातल्या प्रत्येक ठिकाणी टीएलएस संपलं आणि नव्यानं सुरू झालं, तरी पीआयडी ब्लॉक कुणालाच वाचता येत नाही. टपालाची थैली वाटेतल्या कार्यालयांत उघडते, पण आतल्या पाकिटाचं सील ज्याच्या नावचं पाकीट आहे त्यानंच फोडायचं असतं, तशी ही रीत आहे.

या रीतीलाही सीमा आहेत. एन्क्रिप्शन उपकरणात सुरू होतं, त्याआधी जे घडतं त्याला ते थांबवू शकत नाही. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे खोटे अंगठे बनवल्याचे गुन्हे देशात उघडकीला आले आहेत. त्यावर उपाय म्हणून यूआयडीएआयनं 2023 मध्ये बोट जिवंत माणसाचं आहे का हे ठशासोबत प्रतिमेवरूनही ताडणारी पद्धत आणली. तो बंदोबस्त वेगळ्या जागचा आहे. लोड बॅलन्सरवर काहीही केलं तरी तो साधत नाही.

उलट बाजूलाही तेच. आमच्या प्रोग्रामला खाते क्रमांक वाचावाच लागतो, नाहीतर व्यवहार होणार नाही. वाचल्यावर त्यानं तो लॉग फाइलमध्ये लिहिला, तर सगळ्या टप्प्यांवरचं टीएलएस वाया गेलं. लॉग दुसऱ्या सेवेकडे जातात, तिथं कितीतरी जणांना दिसतात आणि वर्षानुवर्षं पडून राहतात. म्हणून त्याच कामाच्या ओघात विनंतीचा पूर्ण मजकूर लॉगमध्ये लिहिणं आम्ही बंद केलं. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तेवढे ठेवले आणि Authorization ची ओळ लिहिण्याआधीच गाळली जाईल अशी सोय केली. नेटवर्कवर पॅकेट क्षणभर असतं, लॉगमधली ओळ तिथंच राहते. दोन्हींत आधी काय बुजवायचं असं मला कुणी विचारलं, तर मी लॉग म्हणेन.

बँकेच्या प्रश्नाला आम्ही शेवटी 'हो' म्हटलं, पण नुसती खूण केली नाही. सोबत एक पान जोडलं. माहिती कुठल्या यंत्रावर उलगडते, तिथं ती कोण वाचू शकतं, पुढच्या टप्प्यात पुन्हा कशानं झाकली जाते आणि कुठली माहिती वाटेत कुणालाच उलगडता येत नाही, हे त्यात लिहिलं.

लोड बॅलन्सरवर टीएलएस संपवणं गैर नाही, ते कुठं संपतं हे माहीत नसणं गैर आहे. आतल्या टप्प्यावर नव्यानं टीएलएस लावायला आज फारसा खर्च येत नाही, म्हणून ते लावावंच. आणि मधल्या कुणालाही ज्या माहितीशी काम नाही, ती जिथं जन्मते तिथंच बंद करावी आणि जिथं लागते तिथंच उघडावी. तुमच्याकडे अशी यंत्रणा असेल, तर तिच्या आकृतीवर टीएलएस जिथं जिथं संपतं तिथं खूण करा आणि प्रत्येक खुणेखाली त्या जागी वाचू शकणाऱ्यांची नावं लिहा. ज्या खुणेखालची यादी तुम्हाला पूर्ण करता येणार नाही, कामाला तिथून सुरुवात करा.